काराबाखची बातमी आणि आपले शब्द

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बातम्यांचा अनुवाद हा माझ्या वर्गातला नेहमीचा सराव. सप्टेंबर 2023 मधली काराबाखची बातमी त्यासाठी मी मुद्दाम घेतो.

हा प्रदेश आंतरराष्ट्रीय मान्यतेनुसार अझरबैजानचा. पण सोव्हिएत संघ कोसळत असताना झालेल्या युद्धानंतर तो जवळपास तीस वर्षे आर्मेनियन वंशाच्या लोकांच्या ताब्यात होता. 19 सप्टेंबरला अझरबैजानच्या सैन्याने हल्ला केला, दुसऱ्याच दिवशी लढाई थांबली आणि काही दिवसांत एक लाखाहून अधिक आर्मेनियन घरे सोडून गेले.

अझरबैजानने या हल्ल्याला ‘दहशतवादविरोधी कारवाई’ म्हटले. अनुवादात अवतरणचिन्हे गळली की सरकारचा दावा बातमीदाराचे मत होऊन बसतो. ‘लष्करी कारवाई’ लिहावे आणि सरकारने तिला काय नाव दिले ते वेगळ्या वाक्यात सांगावे.

दुसरी चूक अधिक घातक आहे. ‘आर्मेनियन वंशाचे रहिवासी’ याऐवजी मुले ‘आर्मेनियाचे नागरिक’ लिहितात. मग वाचकाला वाटते, परदेशी लोक आपल्या देशी परतले. प्रत्यक्षात ते पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारे होते.

ते गेले, याला काय म्हणावे? ‘स्थलांतर’ म्हटले की आपल्याला ऊसतोडीला निघालेली कुटुंबे आठवतात; शब्द फार सौम्य पडतो. ‘वांशिक निर्मूलन’ हा आर्मेनियाचा आरोप, तर लोक स्वेच्छेने गेले हा अझरबैजानचा दावा. दोन्ही ज्याचे त्याच्या नावावर टाकावेत. आपल्या वाक्यात ‘हल्ल्यानंतर घरे सोडून गेले’ एवढे पुरे. तटस्थपणा म्हणजे ‘हल्ला’ हा शब्द गाळणे नव्हे.

शहराचे नावही बाजू घेते. आर्मेनियन त्याला स्तेपानाकेर्त म्हणतात, अझरबैजानी खानकेंदी. पहिल्या उल्लेखात दोन्ही द्यावीत.

उर्दूतून मराठीत येताना आणखी एक सापळा असतो. ‘मक़बूज़ा’ आणि ‘आज़ाद’ हे शब्द आपल्या कानावर काश्मीरच्या संदर्भात इतके पडले आहेत की ते काराबाखला लावताच वाचक आपली जुनी बाजू तिथे नेऊन बसवतो. त्यात अझरबैजान मुस्लिमबहुल, म्हणून काहींना हा धर्माचाच लढा वाटतो. पण शेजारच्या इराणचे आर्मेनियाशी चांगले संबंध आहेत, हे त्या चौकटीत बसत नाही.

आणि ज्यांना 2023 चे आर्मेनियन दिसतात, त्यांनी 1990 च्या दशकात तिथून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हुसकावले गेलेले लाखो अझरबैजानीही त्याच शब्दांत सांगावेत. एकाला ‘निर्वासित’ आणि दुसऱ्याला ‘गेलेले लोक’ लिहिले, तर अनुवादकाने निकाल दिलेला असतो.