खानावळवाल्या दादांना जाहीर पत्र

कोल्हापुरातल्या आमच्या खानावळवाल्या दादांना स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका बुधवारी दुपारी आम्ही सहा जण तुमच्याकडे जेवून गेलो. मामंजी, सासूबाई, हे, मी आणि दोन पोरे. खिडकीजवळच्या लांब टेबलावर बसलो होतो. तुम्ही गल्ल्यावर होता. त्या जेवणाबद्दल दोन शब्द तोंडावर सांगायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

मामंजींचे सगळे दात काढून तेव्हा महिना होत आला होता. हिरड्या भरून आल्याशिवाय कवळीचे माप घेता येत नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवायला आलो होतो. जन्मभर भाकरीवर राबलेला माणूस, आणि महिनाभर पेज आणि डाळभात. मी सकाळची भाकरी दुधात भिजवून द्यायची, तर तिचे कण हिरड्यांना टोचायचे. "आता आपलं जेवण सरलं," असे म्हणून ते ताट सारायचे. अंगातले कपडे ढिले पडले होते.

तुमच्याकडे ह्यांनी सहा ताटे सांगितली. तुमचा तो नवखा दिसणारा वाढपी म्हणाला, "चारच सांगा. पोरांना तिखट झेपायचं नाही, त्यांना अळणी आणि भात आणतो." मग त्याने पाहिले की मामंजी भाकरीचा तुकडा गुपचूप ताटाखाली सारत आहेत. चार माणसांत मोठ्याने काही बोलला नाही. पाणी ओतायच्या निमित्ताने वाकला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, मऊ करून आणू काय?" मामंजींनी नुसती मान हलवली.

तो आत गेला, त्याच्यामागे मीही गेले. चुलीपुढे डाव्या हाताला बसणाऱ्या मावशींनी हातातले काम बाजूला ठेवले. लहान पातेल्यात पाणी ठेवले, चिमूट मीठ टाकले आणि उकळी फुटल्यावर तेवढेच ज्वारीचे पीठ घालून ढवळले. खाली उतरवून पाच मिनिटे झाकले. मग पाण्याचा हात घेऊन ती उकड गरम असतानाच मळली. म्हणाल्या, "पीठ आजचंच आहे, विरी गेलेली नाही. पण दात नसलेल्याला नुसत्या गरम पाण्याची भाकरी पुरत नाही. उकडीची लागते."

भाकरी पातळ थापली. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवले आणि ते सुकायच्या आत उलटली. फुगल्यावर कडेचा कडक काठ काढून टाकला आणि उरलेली गरम गरम कुस्करली. त्यावर अळणी ओतले, म्हणजे तिखट घालण्याआधी काढून ठेवलेले मटणाचे पाणी. तांबडा रस्सा हिरड्यांना झोंबला असता. मऊ शिजलेले दोन तुकडे घेऊन बोटांनी त्यांचे धागे केले, आणि हाडाची किरच राहू नये म्हणून पुन्हा एकदा चाचपून पाहिले. ताटली झाकून ठेवली. वाढप्याला म्हणाल्या, "लगेच नेऊ नको. मुरू दे, कोमट होऊ दे. भाजलं तर पुन्हा तोंड लावायचे नाहीत."

माझी चूक तिथे कळली. गार भाकरी कितीही भिजवली तरी तिचे कण राहतात. गरम कुस्करलेली रस्सा पिऊन लोण्यासारखी होते.

मामंजींनी ताटली पुसून खाल्ली आणि आणखी मागितली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. घरी आल्यापासून मी तशीच भाकरी करते, कधी अळण्यात, कधी मुगाच्या कढणात. मामंजी आता दोन वेळा पोटभर जेवतात.

दादा, हे लिहिण्याचे कारण आणखी एक आहे. पोराने दोन ताटे कमी करायला सांगितली तेव्हा तुम्ही मान वर करून पाहिले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. त्याला बोलला असाल तर हा पुढचा हिशेब पाहा. परवा कवळीच्या मापाला आलो, तेव्हा वाटेतल्या तीन खानावळी सोडून तुमच्याकडेच आलो, आणि शेजारचे चौघे बरोबर होते. त्या दिवशी आमची आठ ताटे झाली.

जाताना ह्यांनी टेबलावर पैसे ठेवले होते. ते वाढप्याच्या हाती पडतात, चुलीपुढच्या बाईपर्यंत जातीलच असे नाही. तिने केलेले कुणी कसे खाल्ले, हेही तिला आत बसून दिसत नाही. म्हणून एक विनंती आहे. हे पत्र गल्ल्यावर ठेवू नका. आत जाऊन मावशींना आणि त्या पोराला वाचून दाखवा. नावे मी लिहीत नाही, तुम्हाला माणसे कळलीच असतील.

मामंजींनी निरोप सांगितला आहे: कवळी बसली की पहिली कडक भाकरी तुमच्याकडेच, आणि तांबड्या रश्श्याबरोबर.

कळावे, लोभ असावा.