शुक्रवारची जीन्स, रविवारची जीन्स

तर मंडळी, गोष्ट आहे थर्ड इयरनंतरच्या उन्हाळी ट्रेनिंगची. कंपनीत सोमवार ते गुरुवार फॉर्मल्स आणि शुक्रवारी कॅज्युअल. पहिल्याच शुक्रवारी मी माझी सगळ्यात भारी जीन्स चढवली. बाकी गडद निळी, मांड्या पांढुरक्या आणि जांघेपाशी मांजराच्या मिशांसारख्या रेघा. नेमके त्याच दिवशी क्लायंटचे लोक आले. गाइड सर हळूच म्हणाले, "आज तू लॅबमध्येच बस. पुढच्या वेळी जरा साधी जीन्स घाल." आठवडाभर मी घेतलेली रीडिंग्ज दुसऱ्यानेच दाखवली.

राग आला तो वेगळ्याच कारणाने. मीटिंगला बसलेल्या एका सीनियरची जीन्स माझ्यापेक्षा फिकट होती! मग फिकट चालते आणि माझी का नाही? त्याची जीन्स नीट पाहिल्यावर उलगडा झाला. ती कंबरेपासून घोट्यापर्यंत सारखीच विटलेली होती. माझ्या जीन्सवर मात्र गडद आणि पांढरं शेजारी-शेजारी होतं. म्हणजे ऑफिसात डोळ्यांत खुपतो तो फिकेपणा नाही, कॉन्ट्रास्ट खुपतो. दुकानात आपण "डार्क दाखवा, लाइट दाखवा" म्हणतो, तो प्रश्नच चुकीचा आहे.

हा कॉन्ट्रास्ट येतो कुठून? नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून ती रिड्यूस करून विरघळवतात, धागे त्यात बुडवतात आणि हवेत बाहेर काढतात. ऑक्सिडेशन झालं की रंग पुन्हा निळा. असं बऱ्याच वेळा केलं तरी रंग धाग्याच्या कडेलाच बसतो, गाभा पांढरा राहतो. शिवाय डेनिममध्ये निळे असतात ते फक्त उभे धागे, आडवे पांढरेच. त्यामुळे जिथे घासलं जातं तिथे पांढरं डोकावतं. कारखान्यात प्युमिस दगड किंवा एन्झाइम घालून अख्खी जीन्स घोळवली की ती बऱ्यापैकी सारखी विटते. मांड्या आणि मिशा मात्र पॉलिश पेपरने घासून, पोटॅशियम परमँगनेट फवारून किंवा लेझरने मुद्दाम काढतात. पूर्वी वाळूचा मारा करायचे, पण त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस व्हायला लागल्यावर तुर्कस्तानने 2009 मध्ये त्यावर बंदी घातली. आपली स्टाइल कुणाच्या तरी फुप्फुसातून गेलेली असते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

माझं मत असं, की शुक्रवारसाठी 'रिन्स' वॉशची जीन्स घ्यावी. ती फक्त खळ काढून धुतलेली असते, गडद आणि एकसारखी. घेताना ओला पांढरा रुमाल मांडीवर दहा-बारा वेळा घासून बघा. रुमाल चांगलाच निळा झाला तर पहिले काही धुणे ती वेगळी भिजवा, आणि तोवर पांढरे बूट घालू नका.

मिशावाली जीन्स रविवारच्या पिक्चरला खुशाल घाला, पण ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहून ती पसंत करू नका. खाली बसा. बसल्यावर पडणाऱ्या खऱ्या चुण्या त्या रेघांवर आल्या पाहिजेत. उंची कमी असेल तर गुडघ्याचा पांढरा डाग नडगीवर येतो. टेलर खालून चार बोटं कापून देईल, पण तो डाग काही वर सरकणार नाही. माझी तीच गत होती, आणि मी वर्षभर ती ऐटीत मिरवली!

आता हॉस्टेलचं. आपल्याकडे जीन्स म्हणजे बादलीत रात्रभर भिजत घालायची, फरशीवर पसरून ब्रशने घासायची आणि गच्चीवर उन्हात टाकायची. रिन्स जीन्सला हे तिन्ही वाईट. ब्रश जिथे जास्त चालतो, म्हणजे मेसच्या आमटीच्या डागावर, तिथे पांढरा ठिपका उठतो आणि तो परत निळा होत नाही. पिळून तशीच वाळवली की घडीवर पांढऱ्या रेघा उठतात. म्हणून उलटी करून गार पाण्यात थोड्याच साबणात हाताने चोळायची, झटकायची आणि सावलीत टांगायची. वाळायला दोन दिवस लागतील. पावसाळ्यात तर वास मारेल, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

एवढं करूनही ती विटणारच, पण हळूहळू आणि तुमच्या स्वतःच्या गुडघ्यावर. मांड्या स्पष्ट पांढऱ्या दिसू लागल्या की तीच जीन्स रविवारची करायची आणि शुक्रवारसाठी नवी रिन्स घ्यायची. उलट दिशेने हा प्रवास होत नाही. मी डाय करून पाहिलं: जीन्स निळी झाली, पण आतले खिसे, लेबल आणि रूममेटची बादलीसुद्धा. बादली भरून द्यावी लागली.