नानावटी खटला: कादंबरीने गाळलेले तीन तास

१. सलमान रश्दी यांच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रेन’ (१९८१) या कादंबरीत कमांडर साबरमती नावाचा नौदल अधिकारी आहे. पत्नीचे प्रेमप्रकरण कळताच तो गोळ्या झाडतो आणि त्याच्यावर खटला चालतो. यवतमाळला सुटीत हे प्रकरण वाचताना मला वाटले होते की मुंबईचा नानावटी खटला आपल्याला आता समजला. पुढे मूळ निकालपत्र वाचले, तेव्हा ध्यानात आले की मला कथा समजली होती, खटला नव्हे.

२. आधी घटनाक्रम पाहू. २७ एप्रिल १९५९, दुपारचे जेवण झालेले. पत्नी सिल्व्हिया हिने प्रेम आहुजाशी असलेले संबंध कमांडर कावस नानावटीपाशी कबूल केले. नानावटीने तिला व मुलांना चित्रपटगृहात सोडले. मग तो जहाजावर गेला. ‘रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचे आहे’ असे सांगून त्याने रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. तेथून तो आहुजाच्या कार्यालयात आणि अखेर त्याच्या घरी पोहोचला. तीन गोळ्या सुटल्या. कबुलीपासून गोळीबारापर्यंत जवळजवळ तीन तास लोटले होते.

३. कथाकाराला हे तीन तास अडचणीचे असतात. संतप्त पती आणि लगेच गोळी, अशी उडी त्याला हवी असते. कायद्याचा सारा वाद मात्र याच तीन तासांत आहे. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० चा पहिला अपवाद सांगत असे की गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे आत्मसंयम सुटून मृत्यू घडवला, तर तो खून ठरत नाही. तो सदोष मनुष्यवध ठरतो. येथे प्रक्षोभ नुसता गंभीर असून भागत नाही, तो आकस्मिकही असावा लागतो.

४. याहून मोठा गैरसमज पुढे आहे. बहुतेकांना वाटते की नानावटीचा बचाव ‘राग अनावर झाला’ हाच होता. प्रत्यक्षात त्याचा मुख्य बचाव अपघाताचा होता: झटापटीत रिव्हॉल्व्हर सुटले. प्रक्षोभ हा पर्यायी मुद्दा होता. दोन्हींची दिशा परस्परविरुद्ध आहे. एकात ‘मी मारलेच नाही’, दुसऱ्यात ‘मारले, पण भान हरपून’. कादंबरीला असा दुभंगलेला नायक परवडत नाही.

५. अपघात सिद्ध करण्याचा भार कोणावर? तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ नुसार आरोपीवर होता. न्यायाधीशांनी हे पंचांना, म्हणजे ज्युरीला, नीट समजावून सांगितले नाही, असे पुढे उच्च न्यायालयाने म्हटले. पुरावा अपघाताच्या विरुद्ध बोलत होता. आहुजा नुकताच स्नान करून आला होता आणि झटापट झाली म्हणावे, तर त्याच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता.

६. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटले. ‘रुस्तम’ (२०१६) चित्रपट नायकाच्या सुटकेवर संपतो. खरी प्रक्रिया येथून सुरू होते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ नुसार, ज्युरीचा कौल पटला नाही तर सत्र न्यायाधीश प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवू शकत असे. न्यायाधीश मेहता यांनी तेच केले. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने नानावटीला खुनाचा दोषी ठरवून जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कारण तेच तीन तास: राग निवायला वेळ मिळाला होता आणि मधल्या काळातल्या कृती विचारपूर्वक होत्या.

७. ‘या खटल्याने ज्युरी संपवली’ हे वाक्यही याच कथेचे अपत्य. विधी आयोगाने चौदाव्या अहवालात ज्युरी रद्द करण्याची शिफारस १९५८ मध्येच, म्हणजे गोळीबाराच्या आधी, केली होती. १९७३ च्या संहितेने ती पद्धत शेवटी मोडीत काढली.

८. माझे मत असे. लेखकाने तारखा गाळाव्यात, पाच साक्षीदारांचा एक करावा, वर्षांची सुनावणी एका दुपारी बसवावी. त्याला तो अधिकार आहे. पण न्यायालयापुढचा प्रश्नच बदलला, तर ते सुलभीकरण राहत नाही. येथे प्रश्न होता ‘तीन तासांनंतरही हा क्षणिक क्षोभ होता का?’ कथांनी तो ‘पतीचा राग रास्त होता का?’ असा करून टाकला. पहिल्या प्रश्नात प्रेम आहुजा हा मारला गेलेला माणूस आहे. दुसऱ्यात तो केवळ रागाचे निमित्त उरतो.

९. म्हणून न्यायालयीन कादंबरी वाचताना स्वतःला दोन गोष्टी विचारा. बचाव नेमका कोणता आहे, आणि तो सिद्ध करण्याचा भार कोणावर आहे? उत्तर पानांत सापडले नाही, तर निकालपत्र उघडा.