बोलायला गेले आणि मेले!

पावसाळ्यात रत्नागिरीत माइक कायम चालू ठेवून व्हॅलोरंट खेळून बघा. पत्र्यावरचा पाऊस, आईचा मिक्सर, 'जेवायला ये गं'ची हाक, सगळं टीमच्या कानात! म्हणून पुश-टू-टॉक. बटण दाबून ठेवलं तरच माइक सुरू. पण बटण कुठलं?

गेम आपल्याला V देतो आणि आपण ते निमूट ठेवतो. V ला दुसरं काही काम नाही, म्हणजे क्लॅश नाही असं वाटतं. पण क्लॅश बोटांचाही होतो आणि तो सेटिंगमध्ये दिसत नाही. डावा हात W, A, S, D वर ठेवा. उजवीकडे सरकायचं D तर्जनी दाबते. V सुद्धा तर्जनीच दाबते.

मारुती मंदिरजवळच्या एका कॅफेत मी यातच अडकले. आडोशाची भिंत उजवीकडे होती. 'दोघे आलेत' सांगायला V दाबलं, D सुटलं, आणि मी उघड्यावर उभी! मित्र ओरडला, "अगं, सरकली का नाहीस?" सरकणार कशी? बोट बोलण्यात गुंतलं होतं ना.

मग Caps Lock करून पाहिलं. तिथे करंगळी लागते, आणि तीच Shift धरून पावलांचा आवाज लपवत असते. शत्रू जवळ असताना नेमकं दोन्ही हवं असतं, गुपचूप चालणं आणि टीमला सांगणं. तेही बाद.

मोकळा असतो तो अंगठा. माउसला बाजूचं बटण असेल तर माझं मत त्यालाच. फक्त ते जोरात दाबलं की नेम हलतो, म्हणून बोलून घ्या, मग गोळी झाडा. कॅफेतल्या साध्या माउसला ते बटण नसतंच. तिथे डावीकडचं Alt घ्या. डाव्या अंगठ्याला Space वर उडी मारण्यापलीकडे फारसं काम नसतं. मात्र Alt धरून स्कोअर बघायला Tab दाबलंत, तर थेट गेमच्या बाहेर!

बटण ठरलं की प्रॅक्टिस रेंजमध्ये ते धरून चारही दिशांना पळा, हळू चाला, रीलोड करा. एखादी हालचाल अडली तर बटण चुकलंय.

आणखी एक, खास आपल्या मराठीचं. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'बी साइटला दोघे नाहीत' म्हणताना अंगठा लवकर उचलला, की टीमला 'बी साइटला दोघे' एवढंच ऐकू जातं आणि सगळे तिकडे धावतात. डिस्कॉर्डवर बटण सोडल्यानंतर माइक किती वेळ सुरू राहील ते ठरवता येतं. मूळ सेटिंग जेमतेम २० मिलिसेकंदांचं असतं, मी ते ३०० केलंय. गेमच्या आतल्या व्हॉइसवर बोलत असाल, तर 'नाहीत' पूर्ण होईपर्यंत अंगठा उचलू नका.