कूपनवर मराठीत एक तारीख, इंग्रजीत दुसरी. मग खरी कोणती?

अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणारा माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही. प्रसाद घेतो, एखादी सोलापुरी चादर घेतो, घरच्यांसाठी साडी बघतो. ही गर्दी डोळ्यांसमोर ठेवूनच दुकानदार कूपन छापतात. आता गिऱ्हाईक कोण असतं? गावातलं मराठी कुटुंब असतं, पुण्या-मुंबईहून आलेले भक्त असतात आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गीहून आलेले, घरी कन्नड बोलणारे लोकही असतात. म्हणून कूपनच्या एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी छापली जाते.

घोळ इथेच सुरू होतो. कागद एकच असतो, पण दोन्ही बाजूंचे नियम एकच असतील असं नाही.

नेमकं काय चुकतं ते बघण्यासाठी एक नमुना घेऊ. समजा, अक्कलकोटच्या एका कापड दुकानाने दिवाळी पाडव्याला, म्हणजे २२ ऑक्टोबर २०२५ ला, गिऱ्हाईकाच्या हातात कूपन दिलं. इंग्रजी बाजूचा अर्थ असा: दिल्याच्या तारखेपासून ९० दिवस वैध, २,००० रुपये किंवा त्याहून जास्त बिलावर ५०० रुपये सूट, सवलतीतल्या साड्या आणि चादरींवर लागू नाही. मराठी बाजू म्हणते: 'तीन महिने वैध. २,००० रुपयांवरील खरेदीवर ५०० रुपये सूट. सवलतीच्या साड्या आणि चादरींवर लागू नाही.'

वरवर बघितलं तर दोन्ही सारखंच वाटतं. आता एकेक ओळ तपासू.

९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत

कूपन दिल्याचा दिवस सोडून मोजलं तर ऑक्टोबरचे ९ दिवस, नोव्हेंबरचे ३० आणि डिसेंबरचे ३१ मिळून ७० होतात. उरलेले २० जानेवारीत येतात. म्हणजे शेवटचा दिवस २० जानेवारी २०२६. पण काउंटरवरच्या माणसाने कूपन दिल्याचा दिवसही धरला, तर शेवटचा दिवस १९ जानेवारी होतो. आणि मराठी बाजूचे 'तीन महिने' मोजले तर सरळ २२ जानेवारी येते.

एका कूपनला तीन शेवटच्या तारखा झाल्या. २१ जानेवारीला मराठी बाजू वाचून आलेलं गिऱ्हाईक बरोबर आहे आणि त्याला परत पाठवणारा, इंग्रजी बाजू वाचलेला सेल्समनही बरोबर आहे. चूक कागदाची आहे.

दिवस कसे मोजायचे याबद्दल कायद्यात एक ठरलेली पद्धत आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ९ नुसार 'अमुक दिवसापासून' म्हटलं की तो पहिला दिवस मोजायचा नाही आणि 'अमुक दिवसापर्यंत' म्हटलं की तो शेवटचा दिवस धरायचा. पण ही पद्धत कायद्यांची भाषा वाचण्यासाठी आहे. कापडाच्या दुकानात कोणी कलम ९ उघडून बसत नाही. म्हणून कूपनवर दिवस किंवा महिने लिहूच नयेत, थेट शेवटची तारीख लिहावी. तारखेचं भाषांतर चुकायला फारशी जागाच उरत नाही.

तरी दोन सापळे राहतात. पहिला सापळा आकड्यांचा. ०३/०४/२०२६ ही आपल्यासाठी ३ एप्रिल, पण अमेरिकेतून आलेल्या नातेवाईकासाठी ४ मार्च. महिना अक्षरात लिहिला की हा प्रश्न मिटतो.

दुसरा सापळा 'रात्री १२ पर्यंत' या शब्दांचा. '२० जानेवारी रात्री १२ पर्यंत' म्हणजे १९ आणि २० च्या मधली रात्र की २० आणि २१ च्या मधली? घड्याळाच्या हिशेबात तारीख १२ ला बदलते, पण बोलताना आपली '२० ची रात्र' झोपेपर्यंत चालते. त्यामुळे ऑनलाइन कूपनवर 'रात्री ११:५९ पर्यंत' आणि दुकानाच्या कूपनवर 'दुकान बंद होईपर्यंत' असं लिहिणं जास्त सुरक्षित. इंग्रजीतही तेच लिहायचं, तिथे मिडनाइट हा शब्द टाळायचा.

सणाच्या नावाने मुदत दिली तर?

आपल्याकडे 'पाडव्यापर्यंत ऑफर' असं सर्रास छापतात. पण पाडवे दोन आहेत. २०२५ चा दिवाळी पाडवा २२ ऑक्टोबरला होता, तर त्यानंतरचा गुढीपाडवा १९ मार्च २०२६ ला. मधे जवळपास पाच महिन्यांचं अंतर. मराठी वाचणारा संदर्भाने अंदाज बांधेल, पण इंग्रजी बाजूला नुसतं 'पाडवा' छापलं तर बाहेरून आलेल्या माणसाने काय समजायचं?

अक्कलकोटमध्ये हा प्रश्न आणखी खोल जातो. स्वामींची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला असते. इंग्रजी तारखेने स्वामींनी ३० एप्रिल १८७८ ला समाधी घेतली, पण उत्सव तिथीने होतो आणि तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. शिवाय महाराष्ट्र आणि कर्नाटकात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. त्यामुळे आपली चैत्र वद्य त्रयोदशी उत्तरेतल्या पंचांगात वैशाखात मोडते. सणाचं नाव जरूर लिहा, पण त्याच्या शेजारी दोन्ही भाषांत तारीख हवीच.

'वरील' आणि 'किमान' यांत एका रुपयाचा फरक

आता दुसरी ओळ. इंग्रजी बाजूला २,००० किंवा त्याहून जास्त. मराठीत '२,००० रुपयांवरील'. बिल बरोबर २,००० रुपयांचं झालं तर इंग्रजीप्रमाणे सूट मिळते आणि मराठीप्रमाणे मिळत नाही. गोल किमती असलेल्या दुकानात बरोबर २,००० चं बिल अजिबात दुर्मिळ नाही. इथे शब्द हवा होता 'किमान २,००० रुपयांच्या'.

असाच एक प्रत्यय नेहमी हरवतो. इंग्रजीत 'अपटू ५० टक्के' असतं आणि मराठीत ठळक अक्षरात '५० टक्के सूट' येतं. '५० टक्क्यांपर्यंत' मधला 'पर्यंत' गेला की वचनच बदललं. मग १० टक्के सूट मिळालेला माणूस फसवलं म्हणतो, आणि मराठी कूपन हातात असेल तर त्याचं म्हणणं खरं असतं.

कशावर लागू नाही, हे खरं अवघड

तिसरी ओळ सगळ्यात फसवी आहे, कारण तिथे भाषांतर अचूक आहे. 'सवलतीच्या साड्या आणि चादरी' यात 'सवलतीच्या' हा शब्द फक्त साड्यांना लागतो की चादरींनाही? पूर्ण किमतीची २,२०० रुपयांची चादर घेतली तर कूपन चालेल का? एका वाचनाने चालेल, कारण चादर सवलतीत नाही. दुसऱ्या वाचनाने चालणार नाही, कारण चादरी सरसकट वगळल्या आहेत. इंग्रजी वाक्यातही हीच संदिग्धता होती, ती जशीच्या तशी मराठीत आली.

इथे भाषांतर करणाऱ्याने शब्दकोश बंद करून दुकानदाराला फोन करायचा असतो. उत्तर मिळालं की ते तोडून लिहायचं. उदाहरणार्थ: 'हे कूपन (१) कोणत्याही चादरीवर आणि (२) आधीच किंमत कमी केलेल्या साड्यांवर चालणार नाही.' आणि मग इंग्रजी बाजूही तशीच दुरुस्त करायची. अशा वेळी मूळ मजकूरच बदलावा लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

फोनवर आणखी एक प्रश्न विचारायचा. बिल २,६०० चं आहे, पण त्यात ९०० ची सवलतीतली साडी आहे. म्हणजे कूपन चालेल असा माल १,७०० चाच आहे. किमान २,००० ची अट पूर्ण झाली की नाही? आपल्या नमुन्यात दोन्ही भाषा यावर गप्प आहेत. काउंटरवरची बरीच भांडणं अशा गप्प जागांवरच होतात.

कायदा काय म्हणतो?

'मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य' अशी बारीक ओळ टाकली की सुटलो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरोधात मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यांत स्पष्ट आहे की दावा ज्या भाषेत केला, त्याच भाषेत त्याचा खुलासाही द्यायचा. खुलाशाचा फॉन्टही दाव्याचाच हवा आणि खुलासा मूळ दाव्याच्या विरोधात जाता कामा नये. म्हणजे '५०० रुपये सूट' मराठीत आणि 'चादरी वगळून' फक्त इंग्रजीत, हे नियमात बसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये जाहिरातीच्या व्याख्येत सूचना, परिपत्रक, लेबल, अगदी बिलसुद्धा येतं, त्यामुळे 'हे तर साधं कूपन आहे' हा बचावही कच्चा आहे.

गिफ्ट कार्डाचं मात्र वेगळं गणित आहे. बँकेने किंवा परवानाधारक कंपनीने दिलेलं, वेगवेगळ्या दुकानांत चालणारं प्रीपेड गिफ्ट कार्ड रिझर्व्ह बँकेच्या २७ ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांखाली येतं. त्याची मुदत किमान एक वर्ष असावी लागते. अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत द्यायच्या असतात. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत ग्राहकाने निवडलेल्या भाषेत सूचना पाठवावी लागते. पण एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्याच दुकानात चालणारं व्हाउचर दिलं, तर त्याला हे निर्देश लागू होत नाहीत. तिथे ९० दिवसांची मुदत ठेवता येते. म्हणून तिथे कागदावरचा शब्द जास्तच महत्त्वाचा.

छापण्याआधी पाच बिलं

यावर उपाय सोपा आहे. आधी भाषा बाजूला ठेवून चार गोष्टी एका कागदावर लिहा: शेवटचा दिवस आणि वेळ, किमान बिल, कशावर लागू नाही, आणि एका बिलावर किती कूपनं. दोन्ही भाषांचा मजकूर या कागदावरून लिहा, एकीवरून दुसरी नको.

मग पाच काल्पनिक बिलं करा. आपल्या नमुन्यासाठी ती अशी होतील: २० जानेवारीच्या संध्याकाळचं, २१ जानेवारीच्या सकाळचं, बरोबर २,००० चं, पूर्ण किमतीच्या चादरीचं, आणि सवलतीची साडी धरून २,६०० चं. एका माणसाला फक्त मराठी बाजू द्या, दुसऱ्याला फक्त इंग्रजी. दोघांनीही प्रत्येक बिलाला 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिहायचं. पाचही उत्तरं जुळली तर छापायला द्या. कुठे उत्तर वेगळं आलं किंवा कोणी 'बहुतेक' म्हणालं, तर ती ओळ पुन्हा लिहायची.

आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल तर? कूपन घेतानाच दोन्ही बाजूंचा फोटो काढा, तारखा ताडून बघा, आणि फरक दिसला तर तिथेच योग्य तारीख पेनाने लिहून दुकानाचा शिक्का घ्या. नंतर वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे आणि हातात दाखवायला तो फोटो असेल.