दोनपट कशाच्या?

हल्ली माणसं मोजत नाहीत, फोटो पाठवतात. नळ गळतोय, फोटो. पुरळ आलंय, फोटो. आमच्याकडे शिवणयंत्र आहे आणि मला हिशेबाची खोड आहे, हे या सदराच्या कृपेने गावभर झाल्यापासून मला खिडक्यांचे फोटो येतात. या आठवड्यात भाचीचा आला, बंगळुरूहून. नवा फ्लॅट. फोटोखाली एवढंच: ‘आत्या, खिडकी पाच फूट आहे. पडद्याला कापड किती आणू?’ टेप कुठाय विचारलं, तर म्हणे सामानाच्या खोक्यात. खोकं कुठलं, ते ठाऊक नाही. पाच फूट हा आकडा बिल्डरच्या नकाशातला.

एक माप खरं असेल तर बाकीची फोटोतून काढता येतात, यात जादू काही नाही. लॅपटॉपवर फोटो उघडायचा आणि पडद्याला, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्याला, पट्टी लावायची. खिडकीची रुंदी १० सेंटिमीटर भरली आणि ती खरी ६० इंच असेल, तर फोटोतला एक सेंटिमीटर म्हणजे भिंतीवरचे ६ इंच. उंची ८ भरली की ४८ इंच. संपलं.

पण संपत नाही, कारण फोटो काढणारा माणूस सोफ्यावर बसलेला असतो. कार्टीने कोपऱ्यातूनच फोटो काढला होता. खिडकीची डावी कड लांब, उजवी आखूड, आणि वरची चौकट तिरकी. आता उंची कुठली धरायची? काही हुशार लोक दोन्ही कडांची सरासरी काढतात आणि समाधान पावतात. पण बाजूने पाहिलं की रुंदीसुद्धा आक्रसते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. तीस अंश बाजूला उभं राहिलं की रुंदी तेरा-चौदा टक्क्यांनी कमी दिसते. आपण मात्र ती साठच इंच धरून भागाकार करतो. मग ४८ इंचांची खिडकी कागदावर ५५ इंचांची होते आणि दुकानदार खूश होतो.

म्हणून फर्मावलं, ऊठ. खिडकीच्या समोर, खोलीच्या पार त्या टोकाला जा, मोबाइल खिडकीच्या मध्याच्या उंचीवर सरळ धर, सगळं मावावं म्हणून रुंद लेन्स लावू नकोस, तिने कडा वाकतात. जमीन दिसली पाहिजे. आणि खिडकीशेजारी भिंतीवर ए-फोरचा एक कोरा कागद उभा चिकटव. हा कागद म्हणजे साक्षीदार. त्याची उंची २९.७ सेंटिमीटर, साधारण पावणेबारा इंच, म्हणजे आपल्या हिशेबाने फोटोत तो दोनला किंचित कमी भरायला हवा. तेवढाच भरला. बिल्डर खरं बोलत होता असं म्हणायला हरकत नाही. कागद बराच मोठा दिसला असता, तर दोन शक्यता होत्या: एक तर पाच फूट हे माप नुसत्या चौकटीचं नसून ग्रॅनाइटसकटचं, नाहीतर खिडकी भिंतीत खोल बसवलेली. लांबची वस्तू लहान दिसते. मग भिंतीवरची मापं कागदावरून काढायची, खिडकीवरून नाही. पडदा भिंतीच्या पुढे लटकतो.

नव्या फोटोत खिडकी ८, खिडकीखालची भिंत ५. म्हणजे ४८ आणि ३० इंच. रॉड चौकटीच्या वर ६ इंच लावायचा ठरला. एकूण ८४ इंच, सात फूट. पट्टीवर एक मिलिमीटर चुकलं तर भिंतीवर अर्ध्या इंचाहून जास्त चुकतं, तेव्हा हे माप कापड आणायला पुरे, कात्री लावायला नाही.

आता माझा खरा वैताग. रुंदी दुपटीने घ्यायची हे सगळ्यांना पाठ असतं. दोनपट कशाच्या, हे कुणी विचारत नाही. खिडकीच्या नाही, रॉडच्या! पडदे उघडल्यावर काच झाकू नये म्हणून रॉड दोन्हीकडे सहा-सहा इंच बाहेर काढतात, म्हणजे तो ७२ इंच. त्याची दुप्पट १४४. पडद्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ४८ किंवा ५४ इंच. ४८ने भागलं तर बरोब्बर तीन. बरोब्बर उत्तर आलं की शाळेत आनंद होई, पडद्यात मात्र सावध व्हावं. तीन पन्हे दोन पडद्यांत वाटायचे, म्हणजे दीड-दीड. जोडाची शिलाई आणि चार उभ्या कडांच्या दुमडी मिळून सात-आठ इंच खातात. दोनपटीचं १.९ होतं. आयलेटच्या पडद्याला ते चालतं, प्लीट घालायच्या असतील तर कमी पडतं, तिथं अडीचपट धरतात. चौथा पन्हा घ्या म्हणून दुकानदार गळ घालणारच.

काटकसर करायची असेल तर कापडाच्या भावात करावी, चुण्यांत करू नये. आमच्या ओळखीत एकांनी मीटरला डोळे पांढरे होतील असं कापड आणलं आणि मग परवडेना म्हणून सव्वापटीत भागवलं. बंद केलं की वाळत घातलेली चादर. त्यापेक्षा साधं सुती दुप्पट चुण्यांनी लावलं असतं तर खिडकी तरी भरली असती.

लांबीत दुमडी मिळवायच्या. खाली चार इंचांची दुमड दोनदा, म्हणजे आठ. वर आयलेटच्या पट्टीसाठी चार. ८४ अधिक १२, कापायची लांबी ९६ इंच. तीन पन्हे म्हणजे २८८ इंच, सव्वासात मीटरच्या किंचित वर. साडेसात आण म्हटलं. तोवर तिला मोठ्या फुलांचं कापड आवडलेलं. फुलं दर पंचवीस इंचांनी परत येणारी. मग ९६ चालत नाही. जोडावर अर्धं फूल वर आणि अर्धं खाली नको असेल तर प्रत्येक पन्हा पंचविसाच्या पटीत, म्हणजे १०० इंच कापावा लागतो. ३०० इंच, सात मीटर बासष्ट सेंटिमीटर. साडेसात मीटर बारा सेंटिमीटरने तोकडं. आठ घे.

यावर आमच्या आईने स्वयंपाकघरातून हरकत घेतली: ‘सुती आहे ना? मग धुतल्यावर?’ मुद्दा बिनतोड होता. चार टक्के आटलं तरी ८४ इंचांत तीन इंचांहून जास्त जातात. आईच्या मते कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग कापावं. भाचीच्या मते आठ मीटर कापड वाळत घालायला बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये जागा नाही. फोन स्पीकरवर होता, दोघी जुंपल्या. मी मध्ये पडून एवढंच सांगितलं की शिंप्याला खालच्या दुमडीला नुसता कच्चा टाका घालायला सांग. पडदा आठवडाभर लटकू दे, वजनाने जो काय ताणायचा तो ताणू दे. मग जमिनीपासून अर्धा इंच वर खूण करून पक्की शिलाई. पहिल्या धुण्यानंतर आटलाच तर आठ इंचांतलं थोडं उसवता येतं. ‘आणि आत्या,’ ती म्हणाली, ‘बेडरूमची खिडकी राहिलीच. फोटो पाठवते.’ कागद लाव, म्हटलं.