तारखांची माळ म्हणजे इतिहास नव्हे : भिवंडीच्या यंत्रमागांचा एक धडा

१/ भिवंडीतील टेमघरच्या वर्गात समजा परिसराच्या इतिहासावरची स्लाइडमालिका दाखवली जात आहे. प्रत्येक स्लाइडवर आडवी रेघ, रेघेवर ठिपके, ठिपक्यांखाली वर्षे. १९८२ : मुंबईत गिरणी संप. पुढचा ठिपका : भिवंडीत यंत्रमागांची भरभराट. विद्यार्थी काय शिकतो? संप झाला, म्हणून गिरण्या बुडाल्या आणि म्हणून भिवंडी वाढली.

२/ हे वाक्य स्लाइडवर कोणीही लिहिलेले नसते. ते रेघ लिहिते. दोन ठिपक्यांमधील रिकामी जागा वाचणारा ‘म्हणून’ या शब्दाने भरतो. कालक्रम आणि कार्यकारणभाव यांत गल्लत होते, आणि या गल्लतीची जबाबदारी कोणावरच येत नाही.

३/ यावर उपाय साधा आहे. मालिका मोडून तिचा चार स्तंभांचा तक्ता करावा : दिनांक, घटना, कारणे, परिणाम. एका ओळीत एकच घटना. घटनेच्या वाक्यात कर्ता आणि क्रियापद असलेच पाहिजे. ‘यंत्रमागांची भरभराट’ ही घटना नव्हे, ती दीर्घकाळ चाललेली प्रक्रिया आहे. तिला एका वर्षाच्या ठिपक्यावर बसवणे हीच पहिली चूक.

४/ आता संपाची ओळ भरून पाहू.
दिनांक : १८ जानेवारी १९८२.
घटना : डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी बेमुदत संप सुरू केला.
तात्कालिक कारण : १९८१च्या दिवाळीच्या बोनसवरून पेटलेला असंतोष.
दूरचे कारण : अपुरे वेतन, तसेच मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६, ज्यामुळे वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे, राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, होता.

५/ कारणांचा स्तंभ असा दुभागला की संप ‘एका नेत्याचा हट्ट’ उरत नाही. सामंतांना नेता मानणारा कामगारही कायद्याने त्यांच्यामार्फत बोलणी करू शकत नव्हता. रेघेवरच्या ठिपक्यात १९४६ आणि १९८२ जोडले जात नाहीत. तक्त्यात ते एकाच ओळीत येतात.

६/ आता परिणाम. येथे ‘भिवंडीत यंत्रमाग आले’ असे लिहिण्याचा मोह होतो. त्याआधी एकच कसोटी लावावी : परिणाम म्हणून लिहिलेली गोष्ट त्या दिनांकापूर्वी अस्तित्वात होती काय? होती. भिवंडीत यंत्रमाग संपाच्या कित्येक दशके आधीपासून चालत होते.

७/ मग त्यांच्या वाढीची कारणे कोठे शोधायची? वरच्या ओळींत. १९५०च्या दशकात हातमागाच्या संरक्षणासाठी सरकारने गिरण्यांच्या मागसंख्येवर बंधन आणले. कापडाची मागणी मात्र थांबली नाही. ती भागवायला हातमागापेक्षा लहान यंत्रमाग पुढे सरसावला. धोरण ज्याला वाचवायला निघाले, त्याच्याऐवजी तिसऱ्यालाच लाभ झाला.

८/ दुसरी ओळ : कारखाने अधिनियम, १९४८. यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेत दहा किंवा अधिक कामगार असतील तर तो लागू होत असे. म्हणून एकाच मालकाचे माग वेगवेगळ्या नावांच्या छोट्या युनिटांत विभागले गेले. कामगार तेवढेच, कायद्याचे संरक्षण मात्र नाहीसे.

९/ तेव्हा १९८२च्या परिणाम-स्तंभात एवढेच लिहिता येते : ‘संपकाळात गिरण्यांचे काही विणकाम यंत्रमागांकडे वळले, आधीच सुरू असलेल्या स्थलांतराला वेग आला.’ ‘मुळे झाले’ आणि ‘वेग आला’ यांतील अंतर म्हणजेच इतिहास. पुढची ओळ जून १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणाची, ज्याने गिरणी आणि यंत्रमाग यांतील धोरणात्मक भेद मिटवण्याची भूमिका घेतली. तिच्या कारण-स्तंभात केवळ संप लिहून भागणार नाही.

१०/ आक्षेप येईल की तक्ताही खोटी निश्चिती निर्माण करतो. खरे आहे. चौकट रिकामी दिसली की ती भरावीशी वाटते. म्हणून नियम असा हवा : पुरावा नसेल तर कारणाची चौकट रिकामीच राहील. दिवस ठाऊक नसेल तर महिना, महिना नसेल तर दशक लिहावे. नेमकेपणाचा आव आणू नये. रेघेवर अज्ञान लपते, तक्त्यात ते दिसते. हाच त्याचा गुण.

११/ दुसरा आक्षेप : विद्यार्थ्यांना रेघ लक्षात राहते, तक्ता राहत नाही. पण लक्षात नेमके काय राहते? संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, तरी रेघेवर त्याचा शेवट ठामपणे दाखवलेला असतो. चुकीचे लक्षात राहणे हे शिकणे नव्हे.

१२/ हा वाद सादरीकरणाच्या सौंदर्याचा नाही. ‘कामगारांनी स्वतःच्या हातांनी गिरण्या बुडवल्या’ हा निवाडा दोन ठिपक्यांच्या जवळिकीवर उभा आहे. ज्यांना तो मान्य आहे त्यांनी तो कारण-स्तंभात स्पष्ट शब्दांत लिहावा, आणि वरच्या १९४६, १९४८ व १९५०च्या दशकाच्या ओळींना उत्तर द्यावे.